वाशीतलं भाषण, क्लासची फी आणि नॅट गेटवे

घोडबंदर: वाशीच्या एका कॉलेजात परवा एका सीनियर इंजिनिअरने शेवटच्या वर्षाच्या पोरांना सांगितलं, ऐंशी हजारांचा क्लाउड कोर्स लावू नका. एडब्ल्यूएसचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं, खातं उघडा, एक अ‍ॅप स्वतः उभं करा, पाडा, परत उभं करा. टाळ्या पडल्या. पण इंटरनेटशी थेट न जोडलेल्या खासगी सबनेटमध्ये अ‍ॅप टाकलं की महिन्याला बापाच्या कार्डावर चार हजारांच्या आसपास बिल येतं, हे कोण सांगणार? क्लासमध्ये निदान लॅब तरी मिळते. माझं काय चुकतंय ते सांगा.

ऐरोलीकर: आकडा बरोबर आहे, पण तो अ‍ॅपचा नाही, खासगी सबनेटमधल्या मशीनला बाहेर इंटरनेटवर जायची वाट देणाऱ्या नॅट गेटवेचा आहे. मुंबई रीजनमध्ये नॅट गेटवेला तासाला ०.०५६ डॉलर पडतात, त्याच्या सार्वजनिक आयपीला ०.००५. म्हणजे दिवसाला सुमारे १.४६ आणि तीस दिवसांत ४४ डॉलर. त्यातून एक बाइटही गेला नाही तरी एवढे, डेटाचे पैसे वेगळे. बऱ्याच ट्युटोरियलच्या आकृतीत दोन झोन आणि दोन नॅट असतात, कारण ती आकृती चालत्या कंपनीसाठी काढलेली असते. विद्यार्थी ती तशीच उतरवतो आणि खर्च दुप्पट होतो.

कार्डाचं मात्र अर्धंच खरं आहे. १५ जुलै २०२५ नंतर उघडलेल्या खात्यात फ्री प्लॅन निवडता येतो. १०० डॉलर क्रेडिट लगेच मिळतं, ठरावीक कामं केली की आणखी १०० पर्यंत. त्या प्लॅनमध्ये कार्डावर बोजा पडत नाही. क्रेडिट संपलं किंवा सहा महिने झाले की खातं बंद होतं. तेव्हा खरा धोका असा, की पहिल्याच आठवड्यात दोन नॅट चालू राहिले, तर १०० डॉलर ३४ दिवसांत संपतात आणि पोराचा सराव तिथेच थांबतो. पेड प्लॅन निवडला असेल तर मात्र क्रेडिटनंतर बिल येणारच.

पारसिक: एवढं लांबण कशाला? ५ डॉलरचं बजेट लावा, ते ओलांडलं की सगळं आपोआप बंद. विषय संपला.

ऐरोलीकर: नाही संपत. बजेट फक्त मेल पाठवतं. खर्चाचा आकडा काही तास मागे असतो, त्यामुळे मेल येईपर्यंत मीटर पुढे गेलेलं असतं. बजेटला अ‍ॅक्शन जोडली तर ती ईसीटूची मशीनं आणि आरडीएसचे डेटाबेस थांबवू शकते, परवानग्या काढून घेऊ शकते. चालू असलेला नॅट ती पाडत नाही. बजेट लावावंच, पण त्याच्या भरवशावर झोपू नये.

नेरूळची आई: माझ्या मुलाच्या क्लासची फी हप्त्यांत आहे. दोन महिन्यांत क्लास बंद पडल्यासारखाच झालाय, हप्ते मात्र चालू आहेत. हे क्रेडिट त्या हप्त्यांना लावता येईल का?

पारसिक: ताई, ते क्रेडिट वेगळं. ते फक्त सर्व्हर चालवायला वापरता येतं, पैसे म्हणून हातात येत नाही.

घोडबंदर: आणि हप्ता क्लासकडे जात नसेल, तर तुम्ही वित्तसंस्थेचं कर्ज घेतलंय. करारावर कर्ज देणाऱ्याचं नाव कोणाचं आहे ते आधी बघा. हप्ता आपल्या मनाने थांबवू नका, सिबिलला डाग लागेल. दोघांनाही लेखी तक्रार द्या आणि पोच ठेवा. मी क्लासची बाजू घेतोय म्हणजे असल्या क्लासची नाही.

शेवटचं वर्ष: मी नॅट लावलाच नाही. आता खासगी सबनेटमधल्या मशीनवर `dnf install nginx` नुसतं लटकतं आणि शेवटी टाइमआउट होतं. मग नॅटशिवाय करायचं तरी कसं?

घोडबंदर: बघा! पहिल्याच पायरीवर पोरगं अडकलं. तुमच्या खर्चाला ऑफिसचं खातं आहे म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतं. ह्याला रात्री अकरा वाजता कोण उत्तर देणार?

ऐरोलीकर: मी देतोय ना. ओरडण्यापेक्षा त्याचा प्रश्न वाचा.

अ‍ॅमेझॉन लिनक्स २०२३ ची पॅकेजेस त्या रीजनच्या एसथ्री ह्या फाइल साठवणीत ठेवलेली असतात. म्हणून एसथ्रीचा गेटवे प्रकारचा एंडपॉइंट, म्हणजे सबनेटमधून थेट एसथ्रीकडे जाणारी वाट, लावली की नॅटशिवाय `dnf` चालतं. ह्या एंडपॉइंटला पैसे पडत नाहीत. इंटरफेस प्रकारचे मात्र तासावर पैसे घेतात, तिथे फसू नका. एंडपॉइंट करूनही लटकत असेल, तर बहुतेक वेळा तो करताना खासगी सबनेटचा राउट टेबल, म्हणजे कुठला ट्रॅफिक कुठून जायचा त्याची यादी, निवडायचा राहिलेला असतो. राउट टेबल उघडा. `pl-` ने सुरू होणारी ओळ आणि तिच्यासमोर `vpce-` दिसलं पाहिजे. ती ओळ नसेल तर एंडपॉइंट असून नसल्यासारखा.

ह्याची मर्यादाही सांगतो. `pip` आणि `npm` ह्याने चालणार नाहीत, कारण त्यांचा माल एसथ्रीच्या त्या बकेटमध्ये नाही. त्यासाठी सरावापुरता सोपा मार्ग म्हणजे मशीन सार्वजनिक सबनेटमध्ये ठेवायचं, सिक्युरिटी ग्रुपमध्ये आत येणारा एकही नियम ठेवायचा नाही, आणि आत शिरायला सेशन मॅनेजर वापरायचा. मशीनच्या रोलला `AmazonSSMManagedInstanceCore` जोडलं की झालं. पोर्ट २२ उघडायची गरजच राहत नाही. खर्च मशीनचा, डिस्कचा आणि आयपीच्या त्या ०.००५ चा.

पारसिक: पण मग ते खासगी सबनेट राहिलं कुठे? मुलाखतीत हेच विचारतात.

ऐरोलीकर: हा मुद्दा मान्य. म्हणून दोन्ही करून बघावं. शनिवारी सकाळी नॅट लावायचा, खासगी मशीनमधून बाहेर जाऊन दाखवायचं, राउट टेबलचा फोटो घ्यायचा आणि दुपारी पाडायचा. चार तासांचे पाव डॉलर होतात. मुलाखतीत “नॅट काढला तर काय काय बंद पडतं” ह्याचं उत्तर ज्याने तो काढून बघितलाय त्यालाच नीट देता येतं.

घोडबंदर: ठीक, लॅबचा मुद्दा मी सोडतो. पण कॅम्पसला अर्ज चाळताना सर्टिफिकेट मागतात. सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटची परीक्षाच १५० डॉलर, वर कर. हा खर्च भाषणात का नव्हता?

ऐरोलीकर: असायला हवा होता. पण ती परीक्षेची फी आहे, क्लासची नाही. परीक्षेला क्लासची अट नसते.

घोडबंदर: शिस्तीला क्लास लागतो. ह्यावर आपलं जमणार नाही.

शेवटचं वर्ष: राउट टेबलच राहिला होता, `nginx` आलं. पण आता खरंच काही चालू राहिलं नाहीये ना, हे कसं बघू? खातं उघडल्यावर पहिल्या दिवशी एक व्हिडिओ बघून बरंच काही केलं होतं.

ऐरोलीकर: कन्सोल एका वेळी एकच रीजन दाखवतो. मुंबई रिकामी दिसली म्हणजे सगळं रिकामं असं नाही. व्हिडिओवाले बहुधा उत्तर व्हर्जिनिया वापरतात, तिथे बघ:

```
aws ec2 describe-nat-gateways --region us-east-1 \
  --query "NatGateways[].[NatGatewayId,State]" --output table
```

शेवटचं वर्ष: एक ओळ आली. `available`. मशीन तर मी तेव्हाच काढून टाकलं होतं.

ऐरोलीकर: मशीन काढल्याने नॅट जात नाही. आधी नॅट डिलीट कर आणि `deleted` दिसेपर्यंत थांब. ती ओळ तासभर यादीत दिसत राहील, घाबरू नको. मग इलास्टिक आयपी वेगळा रिलीज कर, तो आपणहून सुटत नाही आणि मीटर चालू ठेवतो. शेवटी व्हीपीसी, म्हणजे ज्या नेटवर्कमध्ये हे सगळं उभं केलं ते. उलट क्रमाने गेलास तर व्हीपीसी डिलीटच होणार नाही.

शेवटचं वर्ष: केलं. आयपी खरंच मागे राहिला होता. क्रेडिटमधले ६१ डॉलर उरलेत.