दर दोन तासांच्या कुशीबदल तक्त्यातला 'त्वचा' रकाना: ठेवायचा की काढायचा?

निशाचर:
अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दाबाच्या जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायचा हा दोन तासांचा तक्ता म्हणजे नुसता सह्या गोळा करायचा कागद झालाय. दिवसाचे बारा खाने, बारा टिका, त्वचेच्या रकान्यात बारा वेळा 'ठीक', आणि तरी माकडहाडावर जखम आहेच. तो रकाना काढून टाका. सकाळी स्पंजिंगच्या वेळी एकदा नीट बघा आणि बरी एअर मॅट्रेस घ्या. बाय द वे, दोन तास हा आकडा कोणी ठरवला?

वॉर्डची_वही:
हे वाचून गप्प बसवत नाही. तो रकाना भरतात कसा ते आधी बघा. कूस बदलली की नवी कूस लिहायची आणि शेजारी 'ठीक' लिहून मोकळं व्हायचं. पण नव्या कुशीखालची त्वचा गादीला टेकली, ती कोणाला दिसणार? लिहायचं असतं ते पेशंट ज्या बाजूवरून आत्ता उठला त्या बाजूचं. डाव्या कुशीवरून पाठीवर आणलं, तर डावा खुबा, डावा घोटा, डावा कान आणि दोन गुडघे एकमेकांना घासतात ती आतली जागा.

बरं, ती जागा त्या क्षणी लाल असणारच. दोन तास दबलेल्या भागात रक्त परत धावतं. म्हणून नुसतं 'लाल' लिहूनही भागत नाही. बोटाने तीन सेकंद दाबून सोडायचं. पांढरं पडून परत लाल झालं तर रक्त खेळतंय. मग अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं, तोवर लाली गेलेली हवी. दाबूनही लालच राहिलं तर ती दाबाच्या जखमेची पहिली पायरी. ती लाली पूर्ण जाईपर्यंत त्या बाजूवर टेकवायचं नाही. नोंद अशी दिसते: "रात्री 9. पाठीवरून डावीकडे. माकडहाड लाल, दाबल्यावर पांढरं. 9:30 ला लाली गेली." 'ठीक' या एका शब्दात यातलं काय कळतं?

आता तुमच्या त्या बारा टिका. डावी, पाठ, उजवी, पाठ असा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. मोजून बघा. बारांपैकी सहा खाने पाठीचे, म्हणजे चोवीस तासांतले बारा तास भार माकडहाडावर. एकही फेरी चुकली नाही, सगळ्या सह्या आहेत, आणि जखम तिथेच होते. दोष दोन तासांच्या आकड्यात नाही, फेऱ्यांच्या क्रमात आहे.

उशी_तीन:
वहीताईंशी सहमत. पाठीवर ठेवणं कमीच करावं. कुशीवर करताना मात्र पूर्ण आडवं करा, अगदी भिंतीकडे तोंड. अर्धवट तिरकं ठेवलं की पेशंट घसरून परत पाठीवर येतो आणि तक्त्यावर कूस लिहिलेली राहते.

वॉर्डची_वही:
घसरतात हे खरं. पण पूर्ण आडवं केलं की सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो, आणि तिथे कातडी आणि हाड यांच्यात फारसं काही नसतं. साधारण 30 अंशांचा कल पुरतो. एक उशी खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीमागे, दुसरी दोन्ही पायांच्या मध्ये, तिसरी वरच्या हाताखाली. मग उशी आणि गादी यांच्यातल्या फटीतून हात माकडहाडापर्यंत घालून बघा. हात मोकळा गेला तर कल पुरेसा आहे. घसरणं थांबवायचं तर आधी गुडघ्यात थोडा वाक द्या, उशी नंतर लावा. बहुतेक जण उलटं करतात.

आईची_लेक:
आमच्या आईला जांघेत आणि कुल्ह्यांच्या मधल्या घडीत लाल झालंय, वरची साल निघतेय. दोन तासांनी कूस बदलतोच आहोत. तक्ता एक तासाचा करावा का?

कोरडं_अंथरूण:
ताई, तक्त्याला हात लावू नका. घडीत आहे, हाडावर नाही, कडा पसरट आहेत, म्हणजे हे बहुतेक ओलीचं आहे. डायपर किती वेळाने बघता? लघवी-संडास झाल्याबरोबर पुसा. घासू नका, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. पुढच्या वेळी ते खरवडून काढू नका, फक्त मळलेला थर पुसा. पांढरट थर किंवा बाजूला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. आणि वहीताई, म्हणूनच माझं कायमचं भांडण आहे की 'ओलं/कोरडं' हा वेगळा खाना हवा. त्वचेच्या रकान्यात दोन्ही कोंबलं की ओलीचा लाल आणि दाबाचा लाल एक होतो, आणि उपाय चुकतो.

वॉर्डची_वही:
मान्य. वेगळा खाना हवा.

निशाचर:
क्रमाचा मुद्दा घेतो, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण मूळ प्रश्न तिथेच आहे. 2013 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या नर्सिंग होममधला अभ्यास आला. दोन, तीन आणि चार तासांच्या गटांत जखमांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही. 2019 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही माणूस बघून वेळ ठरवा म्हणतात. मग रात्री दोन-दोन तासांनी म्हाताऱ्या माणसाला जागं करायचा हा छळ कशासाठी?

सरळरेषा:
त्या अभ्यासातली सगळी माणसं जाड, चांगल्या फोमच्या गादीवर होती. कापसाच्या गादीवर झोपलेल्या पेशंटला तो निकाल लावू नका. आणि माणूस बघून वेळ ठरवायची तर बघणार कुठे? त्याच रकान्यात, जो तुम्ही काढायला निघालात! दोन-तीन दिवस प्रत्येक फेरीला दाबल्यावर पांढरं होतंय आणि अर्ध्या तासात लाली जातेय असं दिसलं, तर रात्रीची एक फेरी तीन तासांवर न्या. लाली टिकायला लागली की परत दोनवर या.

निशाचर:
बरं, रात्रीची फेरी वाढवायला रकाना लागतो, एवढं मान्य. सरसकट सगळ्यांना बारा वेळा, हे नाही.

गादीवाला_बापू:
तुम्ही सगळे कागदावर भांडताय. अदलाबदलीची एअर मॅट्रेस लावा, नळ्या आळीपाळीने फुगतात-बसतात, दाब आपोआप फिरतो. निम्म्या फेऱ्या तशाच वाचतात.

सरळरेषा:
हाच गैरसमज! मॅट्रेस आली की माणसं पेशंटला हलवायचं बंद करतात. बापू, पंपावरचा आकडा पेशंटच्या वजनाला लावता का? बहुतेक ठिकाणी 'कडक केलं की चांगलं' म्हणून शेवटपर्यंत फिरवलेला असतो. मग नळ्या दगडासारख्या होतात आणि गादी नसल्यातच जमा. उलट सैल ठेवली तर पेशंट बुडून खालच्या पलंगाला टेकतो.

गादीवाला_बापू:
वापरणाऱ्याने चूक केली म्हणून वस्तू वाईट ठरते का?

सरळरेषा:
वस्तू वाईट कोण म्हणालं? तपासत नाही हे म्हणतोय. पेशंट पाठीवर असताना तळहात वर करून हात माकडहाडाच्या बरोबर खाली, मॅट्रेसच्या खालून घाला. मध्ये साधारण अडीच सेंटीमीटर फुगलेला थर लागला पाहिजे. हाड हाताला लागलं तर पंप वाढवा. हे रोज करा आणि तक्त्यावरच लिहा. टाचांना मॅट्रेस पुरत नाही. पिंढरीखाली उशी लांबीने ठेवून टाचा अधांतरी हव्यात, आणि खालून कागद सरकवून बघा, तो अडकता कामा नये.

कोरडं_अंथरूण:
आणि वर काय अंथरता ते सांगा. रबरी शीट, त्यावर चादर, घडी घातलेलं ड्रॉ शीट, वर डायपर! चार थरांखाली नळी फुगली काय, बसली काय, पेशंटला काय कळणार? शिवाय घाम कोंडतो. एक चादर, तीही ताणून खोचलेली नको, नाहीतर झोळीसारखी ताठ होते.

गादीवाला_बापू:
प्रत्येक घरी दोन सिस्टर आणि एक मावशी असतात असं धरून बोलताय तुम्ही. एकटी सून रात्री काय काय करणार? सल्ले देणं सोपं असतं.

सरळरेषा:
एकट्या माणसाला हात घालून बघायला अर्धं मिनिट लागतं. जखम झाली की रोजचं ड्रेसिंगही त्याच एकट्या सुनेला करावं लागतं. उगाच भावनेवर नेऊ नका.

गादीवाला_बापू:
ठीक, हात घालून बघण्याचं घेतो. पण मॅट्रेसवर रात्री तीन तास चालतात, यावर मी ठाम आहे.

वॉर्डची_वही:
मॅट्रेसवरून परत तक्त्यावर येते. निशाचर, सकाळी एकदाच बघायचं म्हणता, तर हे उदाहरण घ्या. गुरुवारी सकाळी स्पंजिंगला उजव्या कुल्ह्यावर जांभळट डाग, कातडी शाबूत, हाताला गिचगिचीत. असा खोलवरचा मार बहुतेकदा 48 ते 72 तासांनी वर दिसतो. म्हणजे बुधवारचा तक्ता बघून काही मिळणार नाही, सोमवार-मंगळवारचा बघायला लागतो. तिथे दिसतं: सोमवारी सकाळी 11 ते दुपारी 3:30 'तपासणीला नेलं', खाना रिकामा. साडेचार तास कडक स्ट्रेचरवर, उजवीकडे कललेला. आता कारण कळलं. पुढच्या वेळी स्ट्रेचरवर फोम जाईल आणि सोबत जाणाऱ्याकडे तक्ताही जाईल. रिकाम्या खान्यात मागाहून 'ठीक' भरलं असतं तर हे कळलंच नसतं.

अजून एक. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, दाबल्यावर पांढरंही होत नाही. तिथे बोटांची मागची बाजू लावा आणि शेजारच्या जागेशी ताडून बघा: गरम की गार, कडक की मऊ. पेशंट बोलत असेल तर दुखतं का विचारा. तेच शब्द रकान्यात लिहा.

उशी_तीन:
मग क्रम काय ठेवायचा? जेवायला तर बसवावंच लागतं.

वॉर्डची_वही:
जेवणाच्या वेळा आधी टाका, बाकीचं त्याभोवती बसवा. समजा नाश्ता 9, दुपारचं 1 आणि रात्रीचं 7. हे तीन खाने टेकवून बसवण्याचे, म्हणजे पाठीचेच. मग 7 डावी, 9 पाठ, 11 उजवी, 1 पाठ, 3 डावी, 5 उजवी, 7 पाठ, 9 डावी, 11 उजवी, 1 डावी, 3 उजवी, पहाटे 5 पाठ सपाट. तिन्ही बाजूंना चार-चार खाने, म्हणजे आठ-आठ तास. जेवण झाल्यावर अर्धा ते एक तास बसवून ठेवा, ठसका लागू नये म्हणून. नंतर डोक्याकडची बाजू 30 अंशांच्या वर ठेवू नका. वर ठेवली की पेशंट खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस हाडाबरोबर ओढलं जातं. परत वर घेताना काखेत हात घालून ओढू नका, ड्रॉ शीट दोघांनी धरून उचला.

निशाचर:
चार-चार-चार छापून घेतो. रकाना ठेवतो, पण 'ठीक' हा शब्द छापील पर्यायांतून काढतो. जागा, दाबल्यावर पांढरं हो/नाही, अर्ध्या तासाने, एवढंच ठेवू. अर्धांगाच्या पेशंटचं काय? लुळ्या बाजूवर पूर्ण दोन तास ठेवायचं का?

सरळरेषा:
मी एकच तास ठेवेन. त्या बाजूला दुखलेलं त्याला कळत नाही.

वॉर्डची_वही:
मी दोनही ठेवते, खांदा पुढे काढलेला असेल आणि त्याच्याखाली हात दबलेला नसेल तर. तो रकाना काय सांगतो त्यावर.

सरळरेषा:
सावळा पेशंट आणि लुळी बाजू असेल, तर मी रकान्यावरही तेवढा विश्वास टाकणार नाही. एकच तास.