इनडेफिनिट हेसियन आला की न्यूटनला रामराम ठोकायचा का?

वाटसरू: `f(x,y) = x⁴/4 − x²/2 + y²/2` हे फंक्शन घेतलं आणि (०.४, १) पासून साधी न्यूटन पद्धत चालवली. चार पायऱ्यांत ग्रेडियंट जवळजवळ शून्य झाला, पण उत्तर आलं (०, ०). खरे मिनिमम तर x = १ आणि x = −१ वर आहेत. माझं मत: असला बेभरवशाचा प्रकार वापरूच नये, ग्रेडियंट डिसेंट बरा. पटतं का?

दीडशहाणा: अर्धं पटतं. प्रत्येक पायरीला हेसियन पॉझिटिव्ह डेफिनिट आहे का ते बघायचं. असेल तर न्यूटन, नसेल तर ग्रेडियंट. विषय संपला.

खोलदरी: एवढ्यात कसला संपतोय! आधी काय बिघडलं ते बघू. x = ०.४ ला उतार −०.३३६ आहे, म्हणजे खाली जायचं तर उजवीकडे जायला हवं. पण तिथे वक्रता −०.५२ आहे. न्यूटन उताराला वक्रतेने भागते, चिन्ह उलटतं आणि x जातो −०.२४६ वर. पॅराबोला पालथा असला तरी तिला त्याची पर्वा नाही, ती त्याचं टोक गाठते आणि ते टोक इथे माथा आहे. तिला फक्त ग्रेडियंट शून्य करायचा असतो.

गंमत अशी की पहिल्या पायरीत y थेट शून्य होतो, त्यामुळे f ०.४२६ वरून −०.०२९ वर उतरतो आणि कुणाला संशय येत नाही. पुढे तो हळूच वर चढून ० होतो. f ची किंमत छापली असतीत तर हे तिथेच दिसलं असतं. एरवी झपाट्याने झालेलं कन्व्हर्जन्स बघून माणूस खूश होतो, आणि (०, ०) सारख्या सॅडलकडेही, म्हणजे एका दिशेने माथा आणि दुसऱ्या दिशेने तळ असलेल्या बिंदूकडेही, ते तितक्याच झपाट्याने होतं.

दीडशहाणा: मग मी वेगळं काय म्हणालो? हेसियन तपासा.

खोलदरी: (०.६, ०) पासून सुरू करा. वक्रता ०.०८, पॉझिटिव्ह आहे. उतार −०.३८४. पायरी ४.८ ची पडते आणि तुम्ही थेट ५.४ वर. f −०.१५ वरून १९८ वर! तुमची तपासणी पास झाली, तरी हे झालं. पॉझिटिव्ह असल्याने दिशा बरोबर मिळते, पायरीच्या लांबीची हमी मिळत नाही. f पुरेसा उतरेपर्यंत पायरी कापत जावी लागते.

वर्गाने घटणारी चूक फक्त मिनिममच्या जवळ मिळते. x = २ पासून निघालात तर १ पासूनचं अंतर ०.४५, ०.१५, ०.०२५, ०.०००९, ०.०००००१२ असं जातं. सुरुवातीला विशेष काही नाही, शेवटी मात्र दर पायरीला बरोबर अंक दुप्पट होतात. हे सोडून ग्रेडियंटवर राहायचं म्हणजे नुकसानच.

परीक्षानळी: आमच्याकडे अमोनियाचं हुबेहूब असंच आहे. पिरॅमिडच्या दोन बाजू म्हणजे दोन मिनिमम, मधला सपाट रेणू म्हणजे सॅडल. आम्हाला कधीकधी तो सॅडलच हवा असतो, कारण अडथळ्याची उंची (सुमारे २४ किलोज्यूल प्रति मोल) तिथूनच मिळते. तेव्हा वाटसरूंचं उत्तर चुकलं असं मी म्हणणार नाही. शेवटी फ्रीक्वेन्सी काढायच्या. एक काल्पनिक निघाली, जी आउटपुटमध्ये बहुधा उणे छापलेली असते, की समजायचं सॅडल आहे.

वाटसरू: मला मिनिममच हवाय हो.

खोलदरी: मग हेसियनच्या आयगेनव्हॅल्यू काढा आणि उणे असतील त्यांचं चिन्ह बदला. ०.४ वरून तीच ०.६४६ ची पायरी आता उजवीकडे पडते: १.०४६, मग १.००२९. अगदी शून्याजवळच्या आयगेनव्हॅल्यूला मात्र किमान मर्यादा ठेवा, नाहीतर पुन्हा ५.४ ची कथा. आणि ग्रेडियंट डिसेंटवर एवढा विश्वास असेल तर (०, १) पासून चालवून बघा. x दिशेचा उतार तिथे शून्यच आहे, तोही मुकाट सॅडलवर जाऊन बसेल.

परीक्षानळी: सपाट अमोनियापासून सुरुवात केली की तेच होतं. सममितीमुळे वर-खाली बल नसतंच. चिन्ह बदलूनही रेणू हलत नाही, उणे आयगेनव्हॅल्यूच्या दिशेने हाताने थोडं ढकलावं लागतं.

लाखव्हेरिएबल: दोन व्हेरिएबलवर सगळं छान दिसतं. माझ्याकडे लाखभर आहेत. सगळ्या आयगेनव्हॅल्यू काढायला n³ च्या घरात खर्च, तो कोण देणार? एल-बीएफजीएस लावतो आणि मोकळा होतो.

खोलदरी: अख्खा हेसियन लागत नाही. कॉन्ज्युगेट ग्रेडियंटला फक्त `Hd` पुरतो. `dᵀHd` शून्य किंवा उणे आला की उणे वक्रता सापडली, थांबा आणि ट्रस्ट रीजनच्या कडेपर्यंत त्याच दिशेने जा.

लाखव्हेरिएबल: आणि त्या प्रत्येक `Hd` ला साधारण दोन ग्रेडियंटइतकं काम. तेवढ्यात माझ्या दोन पायऱ्या होतात.

खोलदरी: तुमचा हेसियन किती वाईट कंडिशनचा आहे, त्यावर ठरेल ते. आकडा सांगा, मग भांडू.