5,5 म्हणजे साडेपाच की पंचावन्न? मॅन्युअलमधली एककं मराठीत आणताना

पाचपाखाडीची अनुवादक:
एका जर्मन पंपाचं मॅन्युअल मराठीत करते आहे. ग्राहक म्हणतो, पानावर एकही रोमन अक्षर नको, आकडेही देवनागरीच हवेत. Nm चं 'न्यू.मी.', bar चं 'बार', l/min चं 'ली./मि.' करायचं का? आणि आकड्यांमधल्या स्वल्पविरामांचं काय करू?

महापे मेंटेनन्स:
ताई, आधी स्वल्पविराम. बाकीचं नंतर बघता येईल.

आमच्याकडे असंच एक भाषांतरित मॅन्युअल आलं होतं. मूळ तक्त्यात बोल्टचे टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, Nm मध्ये असे होते: M5 ला 5,5, M6 ला 9,5, M8 ला 23, M10 ला 46. जर्मन छपाईत स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. भाषांतर करणाऱ्याला तो आपल्या हजाराच्या स्वल्पविरामासारखा वाटला आणि त्याने फाइंड-रिप्लेस करून सगळे उडवले. छापून आलं 55, 95, 23, 46. आमच्या फिटरने टॉर्क रेंचवर 55 लावून M5 आवळायला घेतला. लावलेला जोर आला की पाना क्लिक होतो, तो होईना, पण बोल्ट मात्र फिरतच राहिला. केसिंग ॲल्युमिनियमचं होतं, आतले आटे बोल्टबरोबर बाहेर आले.

तक्ता वरून खाली वाचला असता तरी कळलं असतं. बोल्ट जाड होत जातो तसा टॉर्क वाढला पाहिजे. इथे M6 ला 95 आणि त्याहून जाड M8 ला 23. एकाच ग्रेडच्या बोल्टांत असं होऊच शकत नाही. भाषांतर झाल्यावर प्रत्येक तक्ता असा एकदा बोट ठेवून उतरत जा.

त्याच पुस्तकात उलटी चूकही होती. कूलिंगच्या पाण्याचा प्रवाह मुळात 1.200 l/h होता. जर्मनांचं टिंब हे हजाराचं, म्हणजे बाराशे लिटर तासाला, मिनिटाला वीस. मराठीत ते टिंब जसंच्या तसं राहिलं, त्यामुळे वाचणाऱ्याला तासाला सव्वा लिटरही नाही असं दिसलं. एवढ्याने नळ नुसता ठिबकेल, मशीन काय गार होणार? म्हणून नुसता स्वल्पविराम शोधून भागत नाही, टिंबही शोधा. ज्या आकड्यात टिंबानंतर बरोबर तीनच अंक आहेत, तिथे थांबून 'ही वस्तू एवढी असू शकते का' असं विचारा.

आयटीआयचे निवृत्त निदेशक:
स्वल्पविरामाबद्दल पूर्ण सहमत. पण ग्राहकाची मागणी चूक आहे असं कुणी समजू नये. मी वागळे इस्टेटला पाठवलेली कितीतरी मुलं मराठी माध्यमाची होती. Nm बघून ती 'एनएम' म्हणायची, पण ते कशाचं माप आहे हे सांगता येत नव्हतं. 'न्यूटन मीटर' लिहिलं की बळ आणि अंतर दोन्ही डोळ्यांसमोर येतात. आणि देवनागरी आकड्यांची एवढी भीती कशाला? बेस्टच्या बसवर आकडा देवनागरीत असतो, लोक बरोबर बसमध्ये चढतात.

महापे मेंटेनन्स:
सर, बसचा नंबर कुठल्या पट्टीशी जुळवायचा नसतो. टॉर्क रेंचवर 0 ते 9 कोरलेले असतात, गेजच्या तबकडीवरही तेच. माणूस पुस्तकात बघतो, मग पान्याकडे बघतो. दोन्हीकडे एकच चित्र दिसलं पाहिजे. आमच्या पाळीत तमिळ मुलंही आहेत. त्यांना १ हा 9 सारखा दिसतो. तेलकट हाताच्या झेरॉक्सवर तर आपल्यालाही दिसेल.

संक्षेपांचंही तेच. 'ली./मि.' मधला 'मि.' मिनिट की मिली? 'न्यू.मी.' आणि 'न्यू.मि.मी.' यांत हजारपटीचा फरक आहे आणि मध्ये फक्त एक अक्षर. चिन्हं जगभर एकच ठेवलेली आहेत ती यासाठीच. वाक्य मराठी करा; आकडा आणि त्याला चिकटलेलं चिन्ह ही एक जोडी आहे, ती तोडू नका. दशांश टिंब मात्र आपलं.

तुर्भे फिटर:
इतकं कशाला? आम्ही सगळं किलोत बोलतो. हवा सहा किलो, तेल शंभर किलो. मॅन्युअलमध्ये सरळ किलो लिहा, प्रत्येकाला कळतं.

महापे मेंटेनन्स:
दादा, दाबापुरतं तुमचं चालून जातं, कारण 6 bar म्हणजे साधारण 6.1 kgf/cm². काटा तेवढ्याने हललेलासुद्धा दिसत नाही. पण टॉर्कलाही तुम्ही किलोच म्हणता. 25 Nm म्हणजे मीटरच्या किलोत अडीचच्या आसपास आणि सेंटिमीटरच्या किलोत 255. नुसतं 'किलो' लिहिलं तर नवीन पोराने कुठला घ्यायचा?

तुर्भे फिटर:
पान्यावर जी पट्टी असेल ती. पण बरोबर, नवीन पोराला ते माहीत नसतं.

कोपरखैरणे सोसायटी:
विषय पंपाचा चाललाय म्हणून विचारतो. आमच्या पंपाच्या पाटीवर 18 m3/h आहे. पंधरा हजार लिटरची टाकी भरायला सत्तर मिनिटं लागतात. पंप बदलावा का?

महापे मेंटेनन्स:
18 m³/h म्हणजे मिनिटाला 300 लिटर, त्या हिशेबाने पन्नास मिनिटं. पण तो आकडा एका ठरावीक उंचीसाठी असतो. पाटीवर H पुढे किती मीटर आहे ते बघा. तुमची टाकी त्याहून उंचावर असेल तर प्रवाह कमीच येणार, पंप ठीक असतानाही.

पाचपाखाडीची अनुवादक:
या पाटीवरून आठवलं, माझ्या फाइलमध्येही बऱ्याच ठिकाणी m³ चा वरचा तीन खाली उतरलाय, ते आधी शोधते.

अजून एक अडचण आहे. मी 5,5 चं 5.5 केलं की अनुवादाचं सॉफ्टवेअर 'आकडा जुळत नाही' म्हणून लाल खूण देतं. अशा शेकडो खुणा येतात. मूळ स्वल्पविराम तसाच ठेवला तर मात्र एकही खूण येत नाही. म्हणजे चूक ठेवली तर फाइल स्वच्छ दिसते.

महापे मेंटेनन्स:
म्हणूनच त्या खुणा एकदम बंद करू नका. खरोखर चुकलेला एखादा आकडा त्यांतच लपलेला असतो.

आयटीआयचे निवृत्त निदेशक:
मधला मार्ग सुचवतो. सुरुवातीला एक पान द्या, त्यावर Nm समोर 'न्यूटन मीटर, बोल्ट आवळण्याचं माप' असं पूर्ण मराठीत. आत तक्त्यांमध्ये चिन्हं राहू देत. आकड्यांबाबत माझं मत कायम आहे. मजकुरातली पानं, पायऱ्या, वर्षं देवनागरीतच हवीत.

महापे मेंटेनन्स:
पायऱ्यांचे आकडे देवनागरीत असायला माझी हरकत नाही. तक्त्यात मात्र नको. आणि ताई, 'दाब 6 बार' असं सुटं कुठेही लिहू नका. आमच्या एका हिंदीभाषक ऑपरेटरने ते बटण सहा वेळा दाबायचं असं वाचलं होतं. 'हवेचा दाब 6 bar ठेवा' असं पूर्ण वाक्य लिहा.

पाचपाखाडीची अनुवादक:
ते वाक्य माझ्याकडे तीन ठिकाणी आहे, आजच बदलते. पहिल्या पानाची कल्पना आणि तुमचा M5 चा तक्ता दोन्ही ग्राहकाला पाठवते. रोमन अक्षर नको यावर तो अडून बसला, तर निदान तक्ते मूळ चिन्हांसह ठेवू द्या असं लेखी मागेन.