ढोकरा नंदी, संत्रा बर्फी आणि 'डिलिव्हरी 12 ते 18 दिवस': अशा दुकानाला सरळ फसवं म्हणायचं का?

प्रज्ञा, धरमपेठ
पुण्याच्या भाचीला तान्ह्या पोळ्याची भेट म्हणून काहीतरी आपल्याकडचं पाठवायचं होतं. नेटवर 'अस्सल नागपुरी' म्हणवणारं एक दुकान सापडलं. पितळी ढोकरा नंदी, आठ इंच, 1,499 चा 599 ला, आणि सोबत संत्रा बर्फीचा डबा. दोन्हींची डिलिव्हरी 12 ते 18 कामकाजाचे दिवस. नंदीचा हाच फोटो मी आणखी दोन ठिकाणी पाहिलाय. नवरा म्हणतो फ्रॉड आहे. मला वाटतं हाताने बनवायच्या वस्तूला वेळ लागणारच, उगाच कुणा कारागिराच्या पोटावर पाय नको. तुम्ही काय म्हणता?

महालवाला
ताई, पहिली गोष्ट म्हणजे तान्ह्या पोळ्याले नंदी लाकडाचा लागते, चाकं लावलेला. पोरगी तो दोरीनं ओढन कशी? पितळेचा घेतला त शोकेसमध्येच बसन. पोळ्याच्या आधी बाजारात चक्कर मारा ना, रांगेनं मांडून ठेवतात. नेटवर काहून जाता?

प्रज्ञा
ओढायचा लाकडी नंदी तिच्याकडे आहे हो. हा शोभेचाच हवा होता.

सीए होणार
दुकानाच्या पानावर जीएसटी क्रमांक आहे का बघा. नसेल तर फ्रॉड, विषय संपला. असेल तर पहिले दोन आकडे पाहा. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. 'अस्सल नागपुरी' लिहून 07 निघाला, तर तो माणूस दिल्लीत नोंदलेला आहे. जीएसटीच्या साइटवर क्रमांक टाकला की मालकाचं नाव आणि धंद्याचा पत्ता दिसतो.

मेणकाम
क्रमांक तपासायची युक्ती बरोबर, 'नसेल तर फ्रॉड' हे मात्र चूक. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी घ्यावी लागत नाही. ढोकरा करणारी बहुतेक घरं त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. तुमच्या कसोटीने खरा कारागीर पहिल्याच फेरीत बाद होतो, आणि दिल्लीचा गोदामवाला ऐटीत पास होतो.

मी बरीच वर्षं छत्तीसगडमधल्या कोंडागावहून ढोकरा आणून विकलाय, म्हणून मुद्द्याचं बोलतो. 12 ते 18 दिवस या आकड्याला एकट्याला काही अर्थ नाही. नंदीला तो कमीसुद्धा पडेल. आधी मातीचा गाभा करून वाळवतात. त्यावर मधमाशीच्या मेणाचे धागे एकेक करून गुंडाळतात. वरून पुन्हा मातीचा लेप, पुन्हा वाळवणं, मग भट्टी. मेण वितळून जातं, त्या पोकळीत पितळ ओततात आणि निवलं की साचा फोडतात. पावसाळ्यात माती वाळतच नाही, म्हणजे पोळ्याच्या आधीचे दिवस तर सगळ्यात वाईट. खरा कारागीर तुम्हाला 'पाऊस थांबला की बघू' असं सांगेल. मोजून 12 ते 18 तो सांगणार नाही.

आता फोटो. साचा दर वेळी फुटतो, त्यामुळे दोन ढोकरा नंदी हुबेहूब सारखे निघतच नाहीत. शिंग थोडं वाकडं, धाग्यांच्या वळ्या वेगळ्या. दुकान 'स्टॉकमध्ये 250' म्हणत असेल आणि ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंतही तेच शिंग त्याच कोनात दिसत असेल, तर तो ढोकरा नाही. दोन भागांच्या साच्यातून काढलेला माल आहे. मणक्यावरून शेपटीपर्यंत बारीक सरळ रेघ दिसते का पाहा. दोन साचे जुळतात तिथे ती उठते.

पण मी फोटोच्याही आधी वजन विचारेन. वस्तूच्या माहितीत लिहिलंय का?

प्रज्ञा
हो, खाली बारीक अक्षरात आहे. 180 ग्रॅम.

मेणकाम
मग झालं की. पितळ जड असतं, घन सेंटिमीटरला साडेआठ ग्रॅमच्या आसपास. 180 ग्रॅममध्ये जेमतेम 21 घन सेंटिमीटर पितळ येतं. आठ इंची नंदीचा पृष्ठभाग ढोबळ मानाने 600 चौरस सेंटिमीटर धरा. एवढं पितळ त्यावर पसरलं तर जाडी अर्धा मिलिमीटरही भरत नाही. हाताच्या ओतकामात इतकं पातळ उतरत नाही, आणि आतली माती पुष्कळदा तशीच राहते, तिचं वजन वेगळं. असा नंदी किलोच्या पुढेच जातो. 180 ग्रॅम म्हणजे रेझिन, वर सोनेरी रंग.

इतवारीकर
सगळे तुटून पडण्याआधी माझं ऐका. मी हेच करतो. माल हातात न ठेवता ऑर्डर घ्यायची, बनवणाऱ्याला कळवायची, त्याने परस्पर पाठवायचं. यात पाप काय? इतवारीत अर्धा व्यापार नमुना दाखवून, माल दुसऱ्याच्या गोदामातून उचलूनच चालतो. माझ्याकडचे बांबूचे दिवे गडचिरोलीकडच्या बायका करतात. फोटो त्यांच्या पोरानेच काढलेत, आणि तेच फोटो तो आणखी तिघांना देतो. म्हणजे तुम्ही गूगल लेन्सवर शोधलंत तर माझा फोटो चार ठिकाणी दिसेल. मी चोर झालो का?

मेणकाम
नाही झालात. फोटो सर्च करून पानंच पान निकाल आले म्हणून कुणी चोर ठरत नाही. सगळ्यात जुना फोटो कुणाचा आणि तो काय म्हणतो, ते बघायचं. टिनआय या फोटो शोधायच्या साइटवर जुन्यापासून क्रम लावता येतो. जुना फोटो गडचिरोलीच्या बचत गटाचा निघाला तर तुमचं म्हणणं खरं. तो परदेशातल्या घाऊक बाजाराचा निघाला आणि तिथे वस्तूचं नाव नुसतं 'रेझिन बुल' असेल, तर इथलं 'अस्सल नागपुरी' खोटं. आणखी एक, फोटो उलटा करून किंवा बराच कापून टाकला तर सर्चला कधीकधी काहीच सापडत नाही. काही न सापडणं म्हणजे क्लीन चिट नव्हे.

सीए होणार
दुकान शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकानं थाटून देणाऱ्या सेवेवर असेल, तर दुकानाच्या वेबपत्त्याच्या शेवटी हे जोडून बघा. पुष्कळ दुकानांत मालाची अख्खी यादी उघडते:

```
/products.json
```

त्यात `created_at` म्हणजे वस्तू कधी चढवली ते, आणि `vendor` म्हणजे माल कुणाच्या नावाचा ते वाचा.

प्रज्ञा
टाकलं. नंदी, भाजी चिरायचं यंत्र, मोबाइल स्टँड आणि कुत्र्याचा पट्टा, सगळे एकाच दिवशी दहा मिनिटांच्या आत चढवलेत! `vendor` मध्ये कुणाचं धड नावच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

महालवाला
कुत्र्याचा पट्टाही अस्सल नागपुरीच असन!

माह्यासंगं बर्फीत झालं. मुलाने बंगलोरला मागवली, पैसे घरी आल्यावर द्यायचे. त्याले वाटलं हे सेफ. डिलिव्हरीवाला म्हणे आधी पैसे, मंग डबा. लेबलवर पाठवणाऱ्याचा पत्ता भलत्याच राज्यातला. आत नारळाची वडी होती, नारिंगी रंग टाकलेली. एसेंसचा वास इतका की डबा उघडल्या उघडल्या खोलीभर.

काटोल रोड
बर्फीवर कुणी बोलतच नाहीये, म्हणून लिहिते. आमचं छोटं मिठाईचं युनिट आहे. खव्याची बर्फी खुल्यात चार दिवस धरायची, नागपूरच्या उन्हात तेवढीही नाही. खुल्या मिठाईवरसुद्धा 'या तारखेच्या आत खा' असं लिहिणं 1 ऑक्टोबर 2020 पासून सुरू झालं, ते काही उगाच नाही. त्यामुळे नंदीला 18 दिवस लागले तर मी समजू शकते. बर्फीला 18 कामकाजाचे दिवस म्हणजे सुट्ट्या धरून साडेतीन आठवडे. इथे चर्चा कसली?

फक्त एक, हवाबंद पाकिटातली बर्फी जास्त टिकते, त्यामुळे 'मिठाई आहे म्हणजे अशक्यच' असंही नाही. पण मग पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. बनवणाऱ्याचं नाव, घटक, बॅच, तारीख आणि एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक तिथे असायलाच हवा. ज्याच्या हातात पाकीटच नाही तो पुढचाच फोटो परत पाठवतो. क्रमांक मिळाला तर foscos.fssai.gov.in वर टाका. पहिला आकडा 1 म्हणजे परवाना, 2 म्हणजे छोट्याची नोंदणी, पुढचे दोन राज्याचे. महाराष्ट्राचे 15. केंद्रीय परवान्याला तिथे 00 येतं, ते पाहून घाबरू नका. घटकांत संत्र्याचा गर कितव्या नंबरवर आहे तेही वाचा, घटक जास्त वजनापासून कमीकडे लिहितात.

इतवारीकर
बर्फीचं मान्य. अन्न परस्पर विकायचं तर विकणाऱ्यालाही स्वतःची नोंदणी लागते, म्हणूनच मी त्यात पडत नाही. पण ग्राहक 'आजचा फोटो काढून पाठवा' म्हणतात, त्या मागणीवर माझा राग आहे. बायका गावात, रेंज नाही, दिवा अजून विणायचाय. फोटो कशाचा पाठवू? ग्राहक मला ब्लॉक करून मोकळा होतो आणि मोठ्या गोदामवाल्याकडून घेतो, त्याच्याकडे फोटो तयार असतो.

मेणकाम
मग पानावर लिहा ना, 'फोटो नमुन्याचा आहे, ऑर्डरनंतर बनवतो, अमुक गावातून निघतो'. तीन ओळी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याचं खरं नाव, पत्ता, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचा संपर्क आणि आयात माल असेल तर मूळ देश, हे सगळं दाखवायचंच आहे.

इतवारीकर
गाव लिहिलं की दुसऱ्या दिवशी चार व्यापारी तिथे पोचतात. माझं तेवढंच भांडवल आहे. नाव-पत्ता माझा देतो, गाव नाही देणार.

काटोल रोड
यात मला त्यांचं थोडं पटतं. आम्हीही खवा कुणाकडून घेतो ते सांगत नाही.

मेणकाम
मला नाही पटत. खवा पाकिटात मिसळून जातो, कारागिराचं नाव हीच ढोकऱ्याची अर्धी किंमत आहे.

प्रज्ञा
त्या दुकानाला दोन प्रश्न पाठवले होते, धातू कोणता आणि पार्सल कुठून निघेल. उत्तर आलं: 'डिअर कस्टमर, प्रीमियम क्वालिटी मेटल फिनिश. आजच ऑर्डर केल्यास 10 टक्के जास्त सूट.' कुठून निघेल त्यावर काहीच नाही. ऑर्डर केली नाही. पण मैत्रिणीने तिथूनच आधी काहीतरी मागवलंय, तिला ट्रॅकिंग नंबर आलाय. शेवटी CN आहे. पैसे यूपीआयने दिलेत.

सीए होणार
टपालाच्या आंतरराष्ट्रीय नंबरात शेवटची दोन अक्षरं पार्सल जिथून निघालं त्या देशाची. आपल्या स्पीड पोस्टला शेवटी IN असतं. म्हणजे पार्सल चीनमधून निघालंय. दुकानाच्या पानावर आज जे 'अस्सल नागपुरी' लिहिलंय त्याचे स्क्रीनशॉट आत्ताच घ्यायला सांगा, उद्या ते बदलतील. आधी त्यांना लेखी कळवायचं, मग ग्राहक हेल्पलाइन 1915. कार्ड असतं तर बँकेकडे वादही घालता आला असता, यूपीआयला ते अवघड.

इतवारीकर
तिला वस्तू आल्यावर आधी वजन करायला सांगा. पाकीट फोडताना व्हिडिओ चालू ठेवा, लेबलपासून. नाहीतर दुकान म्हणेल, 'आमची नव्हतीच'.