मदत हवी आहे: क्रोसाँचं बटर ट्रेमध्ये वाहतंय

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातल्या उकाड्यात क्रोसाँ करतेय. ५०० ग्रॅम मैद्याच्या पिठात २५० ग्रॅम बटरची लादी गुंडाळली. लादी फ्रिजमधून काढून लगेच लाटली, तर दुसऱ्या घडीला पिठाखाली बटरचे फरशीसारखे तुकडे दिसले. म्हणून पुढच्या खेपेला ती न मोडता वाकेपर्यंत, साधारण १४ अंशांपर्यंत बाहेर ठेवली. थर सुरेख सुटले! पण फुगवायला ठेवले तेव्हा स्वयंपाकघर ३२ अंशांवर होतं. भट्टीत जायच्या आधीच ट्रे तुपकट, आणि भाजल्यावर आत पावासारखा गच्च भाग. चूक फुगवण्यातच ना? एसी नाही. बंद ओव्हनमध्ये बर्फाचं भांडं ठेवून २५-२६ अंश कुणी टिकवलेत का? किती वेळ लागला?