नोटिशीचा मसुदा
“‘आपल्या प्रबंधात ३४ टक्के वाङ्मयचौर्य आढळले असून कारवाई का करू नये, याचा खुलासा ३ दिवसांत करावा.’ ही नोटीस कशी सुधारावी?”

आधी ‘आढळले’ काढा. तो निकाल झाला, आरोप नव्हे. शिवाय सॉफ्टवेअर साम्य दाखवतं, चोरी नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार संदर्भसूची, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर साम्यात मोजायचा नसतो. तो वगळल्यावर आकडा १० टक्क्यांपर्यंत आला, तर दंडच नाही. १० ते ४० टक्क्यांमध्ये राहिला, तर ६ महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा असतो. हेही नोटिशीत हवं, नाहीतर नोटीस मिळालेली पोरगी नोंदणी गेली समजून रडत बसते.

मी असं लिहीन:

“प्रकरण २, पृष्ठ ४१ ते ५८ मधील मजकुराचे अन्य लेखनाशी साम्य असल्याची शंका आहे. वगळलेल्या भागांच्या नोंदीसह साम्याचा अहवाल जोडला आहे. निर्णय झालेला नाही. साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही; १० ते ४० टक्के असल्यास ६ महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावयाचा असतो. चौकशी विभागीय समिती करील आणि अहवाल संस्थास्तरीय समितीकडे पाठवील. आपण १५ दिवसांत लेखी म्हणणे, टिपणे व जुने मसुदे देऊ शकता आणि समितीसमोर बाजू मांडू शकता.”

१५ दिवस हा माझा अंदाज. विभागीय समितीला ४५ दिवस असतात, त्यात ते सहज बसतात.