सणाचं जेवण जड गेलं तेव्हा तुम्ही काय केलं?

निवांत: परवा सणाला जेवायलाच तीन वाजले, पोट भरलं होतं तरी आग्रहाखातर तळलेल्या गोडाचे चार तुकडे खाल्ले आणि लगेच आडवी झाले. साडेपाचला जाग आली तीच छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी घेऊन. ढेकर आला की मोकळं वाटेल म्हणून गॅसवालं कोल्ड्रिंक प्यायले तर पोट अजूनच फुगलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे बरं वाटलं. तुम्ही काय करता? आणि पुढच्या वेळी किती वाढून घ्यायचं?

सुगरण: साखरमिठाचं पाणी! एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आमच्याकडे पोटाचं काहीही असो, हेच.

पाऊलवाट: मी नर्स आहे. सुगरण, प्रमाण बरोबर आहे पण ते जुलाब-उलट्यांसाठी, शरीरातलं पाणी गेलं तर. इथे पाणी गेलेलंच नाही. तेलातुपाचं जेवण पोटातून हळू पुढे सरकतं, त्यात आडवं झालं की आम्ल वर येतं. निवांत, अशा वेळी बसून राहा नाहीतर सावकाश चाला, घोट घोट पाणी प्या, दोन-तीन तास झोपू नका. रात्री भूक लागली तरच थोडा मऊ भात. झोपताना उशाकडची बाजू उंच, आणि डावी कूस. जेवणानंतर काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू झाले तर मात्र बाहेर राहिलेलं अन्न बाधलेलं असू शकतं, तिथे सुगरणचं पाणी हवंच.

रिकामी_वाटी: मी दुसऱ्या दिवशी कडक उपास करतो, किलोभर वजन लगेच उतरतं.

निवांत: अहो वजनाचं नाही, जळजळीचं विचारतेय :)

चष्मिस: माझं थोडं वेगळं. दर सणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची, तास-दीड तास, पार खांद्यापर्यंत. मी दोन वर्षं अॅसिडिटी समजून गोळ्या खाल्ल्या, शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. तेलकट खाल्ल्यावर प्रत्येक वेळी तिथेच दुखत असेल तर प्लीज तपासून घ्या.

पाऊलवाट: अगदी. आणि छातीवर दाब, घाम, हात किंवा जबडा दुखणं असेल तर अॅसिडिटी म्हणून घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल.

निवांत: पुढच्या वेळी गोड पहिल्यांदाच पानात वाढून घेणार, दोनच तुकडे, आणि तेवढी तळणीची दुसरी वस्तू कमी. उरलेले दोन डब्यात, दुसऱ्या दिवशीसाठी. सकाळी हलका नाश्ता पण करणार, उपाशी राहिले म्हणूनच तीन वाजता भराभर खाल्लं गेलं.

सुगरण: गोड आधी खाल्लं की मग जेवण कमी जातं, माझा अनुभव.

चष्मिस: माझा उलटा, आधी खाल्लं की शेवटी परत खावंसं वाटतं.